‘टायपिंग…’ दिसलं की अभ्यास कुठे जातो?

आजचा विषय नवीन प्रेमाचे पहिले काही आठवडे. प्रेम कसं करावं हे मी सांगणार नाहीये, ते तुमचं तुम्ही बघा. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे वेळ नेमका कुठे गळतो एवढंच शोधू.

माझ्या रूममेटचं उदाहरण घेते. (त्याला विचारूनच सांगतेय.) पुण्यात नोकरी, फेब्रुवारीत गेट, आणि नातं तीन आठवड्यांचं. रात्री ९ ते ११ अभ्यास ठरलेला. त्या दोन तासांत मेसेज यायचे फार तर आठ-दहा, उत्तरं द्यायला मिळून दहा मिनिटं. मग मॉक टेस्टमध्ये निम्मेच प्रश्न का सुटत होते?

कारण वेळ उत्तरात जात नव्हता, वाट बघण्यात जात होता. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याला ‘अटेन्शन रेसिड्यू’ म्हटलं. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की डोक्याचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो. ‘काय करतोयस?’ला उत्तर पाठवलं की संवाद अर्धवटच असतो ना! त्यात समोरून उत्तर कधी दोन मिनिटांत, कधी चाळीस मिनिटांत. असा नेम नसला की हात सारखा फोनकडे जातो. ओळखायची खूण सोपी आहे: एकच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचताय.

नुसतं म्यूट करून त्याचं भागलं नाही, तो स्वतःच उघडून बघायचा. मग दोघांनी मिळून ठरवलं. नऊच्या आधी एक छोटा कॉल, आणि त्याच्या शेवटी ‘आता अकराला बोलू’. म्हणजे संवाद तेवढ्यापुरता पूर्ण. फोन दुसऱ्या खोलीत, ‘डू नॉट डिस्टर्ब’वर, पण तिचा नंबर स्टार केलेला आणि फक्त स्टार नंबरांचे कॉल चालू. मेसेज अडतात, खरंच काही तातडीचं असेल तर रिंग वाजते. ‘काही झालं असेल तर?’ ही धास्ती गेली आणि फोन लांब ठेवणं जमलं. अकराचा कॉल मात्र दीड वाजेपर्यंत लांबायचा आणि सकाळच्या स्टँडअपला साहेब पेंगायचे. तो साडेबाराला थांबवायला अजून आठवडा गेला.

मित्रांचं वेगळं असतं, ते तक्रार करत नाहीत. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या अभ्यासात दिसलं, की नवीन जोडीदार आला की जवळच्या वर्तुळातली साधारण दोन माणसं मागे सरकतात. ‘भेटू रे कधीतरी’ इथे चालत नाही, कारण मोकळी संध्याकाळ उरतच नाही. त्याने रविवार सकाळचं क्रिकेट तेवढं हलवलं नाही, बाकी भेटी बिनधास्त कमी केल्या. मला हे पटलं. सगळ्यांना थोडं थोडं देत बसण्यापेक्षा एक भेट पक्की बरी.

हे सगळं दोघांनाही मान्य असेल तरच चालतं. दोन तास उत्तर दिलं नाही म्हणून दर वेळी भांडण होत असेल, तर ती फोनची सेटिंग नाही, त्यावर वेगळं बोलावं लागेल. पुढच्या भागात तेच घेऊ.