चुलीत केस

कोल्हापूरच्या माझ्या एका मैत्रिणीचा घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा आणि चटण्यांचा धंदा आहे. ओळखीपाळखीतून तिचा माल बंगळुरू, चेन्नई, कोलकात्यापर्यंत जायचा, पाकिटावर नुसता फोन नंबर. दुकानांत माल ठेवायचा म्हटल्यावर नाव लागणार होतं. तिने तीन नावं काढली होती: आई, चूल आणि कांदा. मी जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरते, त्यामुळे तो कागद माझ्याकडे आला.

मला ‘चूल’ बघताक्षणी आवडलं. धूर, भाकरी, आजोळ, सगळं एका शब्दात. पण पाकिटावर ते रोमन लिपीतही छापायचं होतं, आणि तिथे ते झालं Chul. आपल्या चुलीतला च चोराचा आहे, चिमणीचा नव्हे; रोमनमध्ये दोघांनाही ch. म्हणजे मराठी मुलखाबाहेर पडताच पहिलं अक्षर बदललं. इंग्रजी वळणाने वाचणारा त्याला ‘चल’ म्हणतो. दिल्लीकडची तरुण पोरं ‘चुल्ल’ म्हणतात, म्हणजे खाज, काहीतरी करण्याची खुमखुमी. इथवर हसून सोडता आलं असतं. मग मी ते कोलकात्याच्या एका ओळखीच्या बाईंना वाचायला दिलं. त्यांनी अचूक वाचलं, थांबल्या, आणि विचारलं, “हे केसांचं तेल आहे का?” बंगालीत ‘चुल’ म्हणजे केस. मसाल्याच्या पाकिटावर ‘केस’!

खाण्याच्या नावाची खरी अडचण हीच आहे. ते एकदा नव्हे, दोनदा बदलतं. आधी मराठी उच्चार रोमन अक्षरांत शिरतो आणि निम्मा हरवतो. मग ती अक्षरं दुसऱ्या भाषेचा माणूस आपल्या सवयीने पुन्हा बोलतो. a म्हणजे अ की आ, d म्हणजे द की ड, हे रोमन सांगत नाही. दक्षिणेत th लिहिलं की बहुधा त समजतात, आपण थ समजतो. ळ तर l होऊन जातो. त्यामुळे शब्दकोशात अर्थ पाहून काही कळत नाही. शब्दकोश ‘चूल’ तपासेल, Chul कोण तपासणार?

‘कांदा’ हे याचं उत्तम उदाहरण. Kanda लिहिल्यावर गुजराती माणसाला कांदाच दिसला. कन्नड बाईंना ‘कंद’ दिसलं, म्हणजे लाडकं मूल. तेलुगूत ‘कंद’ म्हणजे सुरण. तमिळ माणसाने मुरुगन देवाचं नाव वाचलं. आणि हिंदीवाल्याने वाचलं ‘कंडा’, म्हणजे शेणाची गोवरी. आता यातलं काय मनावर घ्यायचं? कुठल्या ना कुठल्या भाषेत प्रत्येक अक्षरजोडीला काहीतरी अर्थ निघतोच, आणि सगळ्यांना घाबरत बसलं तर नाव ठेवताच येणार नाही. मी तीनच गोष्टी बघते: उच्चार तंतोतंत जुळतो का, तिथे माल विकायचा आहे का, आणि तो अर्थ तोंडात घास असताना आठवला तर चालेल का. देव आणि मूल चाललं असतं, सुरणही. गोवरी नाही. शिवाय कांदा-लसूण मसाल्याला ‘कांदा’ हे नाव म्हणजे नाव नव्हे, वर्णन. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 च्या कलम 9 मध्ये अशा वर्णनपर शब्दांची नोंदणी नाकारता येते.

‘आई’ मात्र मैत्रिणीच्या मनातून जाईना. आसामीत आई म्हणजे आईच, ओडियात आईची आई. याहून सुंदर काय? पण चेन्नईला तिचा माल महिन्याला चाळीस-पन्नास पाकिटं जात होता. तमिळ घरांत लहान बाळाला ‘शी झाली का’ असं विचारताना जो शब्द वापरतात, तो ‘आय्’. Aai लिहिलं की हमखास तसंच वाचलं जातं. गंमत अशी की पहिल्या दोन तमिळ लोकांनी मला हे सांगितलंच नाही. “छान आहे, मराठीत आई ना?” एवढंच म्हणाले. तिसऱ्या बाईंच्या दहा वर्षांच्या मुलाने सांगितलं, तेही पोट धरून हसत.

तेव्हापासून मी चाचणीची पद्धत बदलली. कोऱ्या कार्डावर नुसता रोमन शब्द, ना चित्र, ना रंग, ना मागची गोष्ट. प्रत्येक भाषेचे निदान पाच जण, त्यांत एक कॉलेजातलं पोर आणि एक साठीपुढचं माणूस, कारण चावट अर्थ पोरांना माहीत असतात आणि जुने अर्थ म्हाताऱ्यांना. आधी मोठ्याने वाचायला सांगायचं आणि फोनवर ध्वनिमुद्रण करायचं. ‘आवडलं का?’ हे विचारायचंच नाही; भिडेखातर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारायचं, “शाळेत या नावाने कुणाला चिडवायचं तर काय म्हणाल?” इथे खरं बाहेर येतं.

मग उलटी परीक्षा. दुसऱ्या पाच जणांना फोन करून नाव एकदाच उच्चारायचं आणि मोबाइलच्या शोधपेटीत टाइप करायला सांगायचं. पाच जणांनी चार स्पेलिंगं केली, तर शेजारणीकडून नाव ऐकून शोधणारं गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

या चाळणीतून शेवटी जे उरलं ते मैत्रिणीच्या सासूबाईंनी सुचवलं होतं: ओवी. जात्यावरची. Ovi टाइप करताना पाचपैकी चौघांचं स्पेलिंग जुळलं. बंगाली कानाला ते ‘अभि’सारखं, एखाद्या मुलाच्या हाकेच्या नावासारखं वाटलं. तमिळ माणसाला ‘ओवियम’ आठवलं, म्हणजे चित्र. विज्ञान शिकणाऱ्या एका मुलीला इंग्रजीतली अंडी आठवली, कारण अंडी घालणाऱ्या प्राण्यांसाठीचा इंग्रजी शब्द ovi नेच सुरू होतो. शाकाहारी मालाला हे थोडं टोचणारं होतं. पण पंचवीस जणांतली ती एकटीच, आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह पाकिटावर कायद्याने असतंच. आम्ही ते स्वीकारलं.

उच्चाराची चाळणी कायद्यालाही लागते. ‘ग्लुकोव्हिटा’ नावाची ग्लुकोजची पावडर बाजारात होती, आणि एका कंपनीला बिस्किटांसाठी ‘ग्लुव्हिटा’ नाव हवं होतं. 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. मधलं एक ‘को’ गळालं म्हणून नाव वेगळं होत नाही, गिऱ्हाईक शब्दाची फोड करत बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणून ट्रेड मार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधताना नुसतं स्पेलिंग घालून थांबू नका. तिथे उच्चारसाम्याने शोधायची वेगळी सोय आहे. आम्ही Ovi बरोबर Ovee, Ovy, Obi असे सगळे अवतार तिथे घालून पाहिले.

मसाले आणि चटण्या वर्ग 30 मध्ये येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये. देवनागरी अक्षरांतल्या मराठी नावासोबत आम्ही रोमन लिप्यंतर आणि अर्थही दिला, त्यामुळे ‘ओवी म्हणजे काय’ हे मैत्रिणीने सरकारला दोन ओळींत लिहून कळवलं आहे. अर्ज अजून विचाराधीन आहे. तोवर नावापुढे टीएम लिहिता येतं. वर्तुळातला आर नाही. नोंदणीआधी तो छापणं बेकायदा आहे, आणि त्याला आर्थिक दंड होऊ शकतो.