मांडीचे स्नायुकक्ष व फीमोरल त्रिकोण : उजळणीचे एक कोष्टक

मांडीतील स्नायू प्रावरणीच्या पडद्यांनी तीन कक्षांत विभागलेले असून, प्रत्येक कक्षाला साधारणतः एकच मज्जातंतू पुरवठा करतो. हा नियम पाठ करणे सोपे आहे. परंतु रुग्णाच्या तपासणीत खरा उपयोग होतो तो नियमाबरोबर त्याचे अपवादही ध्यानात ठेवल्यास. म्हणून पुढील कोष्टकात अपवादांना स्वतंत्र रकाना दिला आहे.

| कक्ष व मुख्य क्रिया | स्नायू | मज्जातंतू | अपवाद |
|---|---|---|---|
| पुढील : गुडघा सरळ करणे | क्वाड्रिसेप्स, सार्टोरियस | फीमोरल (कटिमूले २, ३, ४) | पेक्टिनियसला फीमोरल शाखा मिळते, क्वचित ऑब्ट्युरेटरचीही |
| आतील : मांड्या जुळवणे | अ‍ॅडक्टर लाँगस, ब्रेव्हिस व मॅग्नस, ग्रॅसिलिस, ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नस | ऑब्ट्युरेटर (कटिमूले २, ३, ४) | मॅग्नसच्या मागील भागास सायाटिकचा टिबियल विभाग |
| मागील : गुडघा वाकवणे | सेमिटेंडिनोसस, सेमिमेंब्रेनोसस, बायसेप्स | सायाटिकचा टिबियल विभाग | बायसेप्सच्या आखूड शिरास सायाटिकचा पेरोनियल विभाग |

पहिल्या दोन ओळींतील मज्जामूले एकच आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कटिमूलांच्या पुढील विभागांपासून ऑब्ट्युरेटर व मागील विभागांपासून फीमोरल मज्जातंतू तयार होतो. त्यामुळे मूळ दुखावले तर दोन्ही कक्ष दुबळे होऊ शकतात. एकट्या मज्जातंतूला इजा झाली तर एकच कक्ष दुबळा होतो.

फीमोरल त्रिकोणाची वरची बाजू वंक्षण अस्थिबंधाने, बाहेरची सार्टोरियसने व आतली अ‍ॅडक्टर लाँगसच्या आतील कडेने बनते. त्यातील घटक बाहेरून आत या क्रमाने असे :

| घटक | फीमोरल आवरणाशी संबंध |
|---|---|
| फीमोरल मज्जातंतू | आवरणाबाहेर, इलियाक प्रावरणीच्या मागे |
| फीमोरल रोहिणी (सोबत जेनिटोफीमोरल मज्जातंतूची फीमोरल शाखा) | आवरणाच्या बाहेरील कप्प्यात |
| फीमोरल नीला | मधल्या कप्प्यात |
| फीमोरल नलिका, लसीकाग्रंथीसह | आतील कप्प्यात |

पहिली ओळ या कोष्टकाचे मर्म होय. रोहिणी व नीला आवरणात आहेत. मोठा मज्जातंतू मात्र त्याबाहेर, इलियाकस स्नायूवर, ताठर प्रावरणीखाली दबलेला आहे. याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारे औषध घेणाऱ्या एका रुग्णाला जांघेत एकाएकी तीव्र वेदना सुरू होतात. तो मांडी पोटाकडे दुमडून पडून राहतो. उभे राहताच गुडघा लटपटतो. मांडीच्या पुढील बाजूस व पायाच्या आतील बाजूस बधिरता आहे. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मिळत नाही. जांघेतील नाडी मात्र उत्तम लागते. आता प्रश्न असा की, दोष कटिमूलात आहे की मज्जातंतूत?

परीक्षकाने प्रथम रुग्णास दोन्ही मांड्या प्रतिकाराविरुद्ध जुळवण्यास सांगावे. ही शक्ती शाबूत असेल, तर ऑब्ट्युरेटर मज्जातंतू व पर्यायाने सामाईक मूले सुरक्षित असण्याची शक्यता वाढते. नंतर घोटा वर उचलण्यास सांगावे. या क्रियेत चौथ्या कटिमूलाचा मोठा भाग आहे, पण तो सायाटिकमार्गे येतो; तीही शाबूत असल्यास दोष फीमोरल मज्जातंतूवर येऊन ठरतो. इलियाकस स्नायूत झालेला रक्तस्राव प्रावरणीखाली साठून मज्जातंतू दाबत आहे, हे निदान संभवते. नाडी का टिकली, याचे उत्तरही येथेच मिळते : रोहिणी त्या प्रावरणीच्या पुढे आहे.

दाब वंक्षण अस्थिबंधाच्या वर की खाली, हेही काही अंशी कळते. इलियाकसला जाणाऱ्या फीमोरल शाखा श्रोणीतच निघतात. म्हणून जांघेत टोचलेल्या सुईने झालेल्या इजेत मांडी वर उचलण्याची शक्ती बहुतांशी टिकते. श्रोणीतील इजेत ती घटते, तथापि पूर्ण जात नाही. कारण सोअस स्नायूला मूलांच्या शाखा थेट मिळतात.

या परीक्षेला मर्यादा आहेत. रक्तस्राव झालेल्या रुग्णात वेदनेमुळेच मांडी उचलली जात नाही, तेव्हा त्या दौर्बल्याचा अर्थ लावता येत नाही. मांड्या जुळवण्याची शक्ती किंचितच घटली, तरी ऑब्ट्युरेटर निर्दोष मानणे योग्य नव्हे. मॅग्नसचा मागील भाग व पेक्टिनियस ती उणीव काहीशी झाकतात. विद्युत्-स्नायुआलेखात मज्जातंतुविच्छेदाची चिन्हे स्पष्ट होण्यास सुमारे ३ आठवडे लागतात. त्यामुळे प्रारंभी संगणकीय छेदचित्रण वा चुंबकीय अनुनाद चित्रणाने रक्तसंचय पाहणे अगत्याचे ठरते; दाब दीर्घकाळ राहिल्यास दौर्बल्य कायमचे होण्याचा धोका असतो.