ट्रॉलीची धडक आणि फॉर्मवरच्या चार ओळी

मोटार विम्याच्या क्लेम फॉर्मवर ‘अपघात कसा झाला?’ या प्रश्नापुढे जेमतेम चार ओळींची जागा असते. तिथे बरेच जण एकच वाक्य लिहितात: ‘अचानक कुत्रे आडवे आले, त्याला वाचवताना गाडी आदळली.’ कित्येकदा हे वाक्य गाडीमालकाचे नसतेच. गॅरेजमधला माणूस सवयीने ते खरडतो आणि मालक खाली सही करून मोकळा होतो. हे कुत्रे सर्व्हेअरला इतक्या फॉर्मांत भेटलेले असते, की ते दिसताच तो गाडीकडे अधिक बारकाईने पाहू लागतो.

कुत्र्याला मध्ये आणावे लागते ते भीतीपोटी. आपली चूक दिसली तर पैसे मिळणार नाहीत, असा समज असतो. पण पूर्ण विम्यातला ‘ओन डॅमेज’ हा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच असतो, आणि चालवणाऱ्याचा अंदाज चुकला म्हणून तो क्लेम नाकारला जात नाही. दारू पिऊन चालवणे, वैध लायसन्स नसणे, खासगी गाडी भाड्याने फिरवणे ही कारणे वेगळी. त्यामुळे आपण निर्दोष आहोत हे या चार ओळींत पटवून द्यायचे नसते. गाडीवरची प्रत्येक ताजी खूण कशी उमटली, एवढेच त्यातून कळले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. जानेवारीची संध्याकाळ, गळीत हंगाम ऐन भरात. एक शिक्षक आपल्या छोट्या कारने कोल्हापूरहून राधानगरीकडे निघाले आहेत. दुपदरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही, दिवे नाहीत. समोरून येणाऱ्या टेम्पोचा प्रखर झोत डोळ्यांवर येतो. तो बाजूने निघून जातो, तोच डाव्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी दिसते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ते ब्रेक दाबतात, स्टिअरिंग उजवीकडे वळवतात, तरी गाडीची डावी बाजू ट्रॉलीला लागतेच.

‘अंधारात ट्रॉलीला धडकलो, पुढून बरेच नुकसान झाले’ हे वाक्य खरे आहे, पण त्यावरून काही ताडून पाहता येत नाही. तेच असे लिहिता येईल:

‘सायंकाळी अंदाजे साडेसात वाजता मी कोल्हापूरहून राधानगरीकडे माझ्या डाव्या लेनमधून जात होतो. वेग अंदाजे ५० होता. रस्ता सरळ, दुपदरी, डांबरी. रस्त्यावर दिवे नव्हते. पाऊस नव्हता, मात्र शेतातून आलेल्या गाड्यांच्या चाकांचा ओला चिखल आणि उसाचा पाला डांबरावर पसरला होता. डाव्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. तिची डावी चाके साइडपट्टीवर आणि उजवी चाके डांबरावर होती. समोरून आलेला टेम्पो पुढे गेल्यावर ती मला सुमारे २५ मीटरवर दिसली. मी ब्रेक लावून गाडी उजवीकडे घेतली. गाडी थोडी घसरली आणि तिचा पुढचा डावा कोपरा ट्रॉलीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर आदळला. धडकेनंतर गाडी डावीकडे फिरून तिरकी थांबली. मागचा भाग रस्त्याच्या मध्याकडे होता. कोणालाही इजा झाली नाही.’

यातले डावे-उजवे ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवलेले आहे. लोक गाडीसमोर उभे राहून खुणा पाहतात आणि नेमके उलटे लिहून बसतात. ट्रॉलीचे डावे-उजवेही तिच्या तोंडाच्या दिशेने धरायचे.

आता गाडीकडे पाहू. ट्रॉलीचा सांगाडा साधारण कमरेइतका उंच असतो, कारचा बंपर गुडघ्याच्या आसपास. त्यामुळे या धडकेत बंपरला थोडेच लागते. डावा हेडलाइट फुटतो, बॉनेटची डावी कड दुमडून मागे सरकते, फेंडर चेपतो आणि बाहेर आलेल्या उसाच्या बुंध्यांनी काचेला डावीकडे तडा जातो. हीच गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली असती, तर आधी बंपर फुटला असता आणि सिमेंटचे ओरखडे राहिले असते. म्हणून ‘ट्रॉलीवाल्याची भानगड नको’ म्हणून कोणी कठडा लिहिला, तर शाबूत बंपर आणि पत्र्याला लागलेला ट्रॉलीचा रंग त्याला लगेच उघडा पाडतो. खरे लिहिले असते तर मिळाला असता तो क्लेम खोट्या कारणामुळे अडकतो. ड्रायव्हरचे नाव बदलण्याचेही तसेच आहे.

रस्त्याचे वर्णन ही शोभेची भर नव्हे. ताशी ५० वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपते. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी १४-१५ मीटर पुरतात. चिखलावर ते २५ किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. २५ मीटरवर ट्रॉली दिसल्यावर गाडी कोरड्या रस्त्यावरही पूर्ण थांबली नसती, पण तिचा वेग इतका कमी का झाला, हे ‘चिखल’ या एका शब्दाने समजते. ‘रस्ता खराब होता’ म्हटल्याने नाही समजत. खड्डा होता, खडी होती, की साइडपट्टी डांबरापेक्षा खाली होती, ते लिहावे. मीटरचा अंदाज नसेल तर पावले मोजावीत, आणि आकडा अंदाजाचा असेल तर तसे म्हणावे.

फॉर्ममध्ये रेखाटनालाही जागा असते. दोन रेघांचा रस्ता, उत्तर दिशा, आपली गाडी, ट्रॉली आणि जवळची न हलणारी खूण, म्हणजे मैलाचा दगड किंवा विजेचा खांब, एवढे पुरे. गाड्या हलवण्याआधी, सुरक्षित असेल तर, लांबून एक फोटो घ्यावा. चेपलेल्या पत्र्याचे दहा फोटो गॅरेजमध्येही निघतात. ट्रॉलीची चाके डांबरावर होती, हे मात्र पुन्हा दाखवता येत नाही.

‘चूक माझी’ किंवा ‘सगळी चूक ट्रॉलीवाल्याची’ असे मात्र या कागदावर नको. दुसऱ्याची इजा किंवा नुकसान असेल तर दोष कोणाचा हा प्रश्न न्यायाधिकरणापुढे जाऊ शकतो, आणि कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा भरपाईचे वचन देऊ नये, अशी अटच पॉलिसीत असते. ‘मागे दिवा दिसला नाही’ हे पाहिलेले आहे. ‘निष्काळजीपणे उभी केली’ हा निवाडा झाला. कोणी जखमी असेल तर आधी उपचार आणि पोलिसांना खबर, हे मोटार वाहन कायद्याने ड्रायव्हरवर घातलेले बंधन आहे. मग पंचनाम्यातली वेळ आणि जागा फॉर्मशी जुळली पाहिजे. कंपनीला पहिल्या फोनवर सांगितलेलेही नोंदले जाते, हे विसरू नये.

नुकसानीच्या रकान्यात या धडकेचेच लिहावे. शिक्षकांच्या गाडीच्या उजव्या मागच्या दारावर दिवाळीतला एक जुना पोचा आहे. तो यात घुसडला तर गंजलेली कड आणि ओरखड्यात बसलेली धूळ बोलते. तो निराळा अपघात, त्याचा क्लेम निराळा.

आणि धडकेनंतर काय केले, तेही लिहावे. रेडिएटरमधून पाणी गळत असताना तशीच गाडी गावापर्यंत रेटली आणि इंजिन बसले, तर पॉलिसीच्या अटीनुसार ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. म्हणून ‘खाली पाणी गळताना दिसले, इंजिन बंद केले, गाडी टो करून नेली’ हे वाक्य हवेच. बॉनेट उघडल्यावर कधी आतली पट्टी वाकलेली किंवा एसीचा कंडेन्सर फुटलेला निघतो. तो फॉर्मवर नसला तरी डाव्या कोपऱ्याच्या धडकेत बसतो. फक्त गॅरेजला तो भाग बदलू देण्याआधी सर्व्हेअरला कळवावे, आणि त्याने पाहीपर्यंत जुना भाग फेकू देऊ नये.