गोवराची लस पडद्यावर दाखवायची तर

१९४३ साली वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने ‘डिफेन्स अगेन्स्ट इन्व्हेजन’ नावाचा एक छोटा चित्रपट काढला. देवीची लस टोचून घ्यायला बिचकणाऱ्या मुलांना डॉक्टर समजावून सांगू लागतो आणि बघता बघता माणसाचं शरीर म्हणजे एक गजबजलेलं शहर होऊन जातं. लसीतून दुबळे जंतू शहरात शिरतात. तिथले रहिवासी, म्हणजे पेशी, त्यांचा बंदोबस्त करतात आणि त्यांच्या मापाची शस्त्रं घडवून ठेवतात. पुढे खरे जंतू चाल करून येतात तेव्हा शहर सज्ज असतं.

लसीवरचे बहुतेक अ‍ॅनिमेशनपट आजही याच कथेवर चालतात. शत्रू, सैनिक, सराव, विजय. कथा चटकन कळते, लक्षातही राहते. पण तिच्यातला सराव शरीरात जसा दिसतो तसा होत नाही. भारतातल्या प्रत्येक बाळाला दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला लसीवर, म्हणजे ‘एमआर’वर, चार-पाच मिनिटांचा पट करायचा ठरवला, तर सैनिकांचं चित्र कुठे तोकडं पडतं आणि निवेदनातला कोणता शब्द पालकांची दिशाभूल करू शकतो, हे एकेका दृश्यातून दिसतं.

पहिलं दृश्य दंडाचं. नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळाच्या उजव्या दंडात, कातडीखाली, अर्धा मिलिलिटर लस जाते. ‘लसीत मेलेले जंतू असतात’ असं वाक्य इथे सर्रास घातलं जातं. काही लसींबाबत ते खरं आहे, या लसीबाबत नाही. एमआर लसीतले विषाणू जिवंत असतात, फक्त दुबळे केलेले. गोवराचा मूळ विषाणू अमेरिकेत १९५४ साली एका शाळकरी मुलाच्या रक्तातून मिळवला होता. जॉन एन्डर्स यांच्या प्रयोगशाळेत तो निरनिराळ्या पेशींमध्ये, अगदी कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींमध्येही, पुन्हा पुन्हा वाढवला गेला. परक्या पेशींमध्ये रुळता रुळता माणसाला आजारी पाडण्याची त्याची ताकद गेली. १९६३ साली पहिली लस आली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीतला विषाणूही याच घराण्यातला आहे. म्हणून निवेदनात ‘जिवंत पण दुबळा केलेला विषाणू’ असंच म्हणायला हवं. ‘जिवंत’ हा शब्द भीतीपोटी गाळला, तर पुढची दोन दृश्यं समजत नाहीत.

दुसरं दृश्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि सैनिकांचं रूपक नेमकं इथेच फसतं. दंडातल्या काही पेशी विषाणूचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत, बहुधा बगलेत, घेऊन जातात. सर्वसाधारण पटात तिथे एक अधिकारी शत्रूचा फोटो भिंतीवर लावतो आणि रांगेतले सैनिक तो पाठ करतात. प्रत्यक्षात कुणीच काही पाठ करत नाही. ग्रंथीत ज्या बी पेशी असतात, त्यांतल्या प्रत्येकीच्या अंगावर एका ठरावीक आकाराचे ग्राहक असतात. हा आकार पेशी तयार होतानाच ठरतो, जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडले जाऊन. त्या वेळी गोवराचा विषाणू कुठे आसपासही नसतो.

त्यापेक्षा चावीवाल्याचं दृश्य अधिक इमानदार ठरेल. नाक्यावरच्या चावीवाल्याकडे हजारो चाव्यांचा जुडगा लटकतो आहे. एक अनोळखी कुलूप येतं. तो नवी चावी शोधून काढत नाही. जुडग्यातली एकेक लावून बघतो. एखादी कशीबशी फिरते. मग तो तिच्या नकला काढतो, प्रत्येक नकल कानशीने जराशी वेगळी घासतो, जी अधिक सफाईने फिरेल ती ठेवतो, बाकीच्या टाकून देतो. लसिका ग्रंथीत तेच घडतं. विषाणूच्या तुकड्याशी जुळणारी बी पेशी निवडली जाते, तिच्या हजारो प्रती होतात, त्या प्रतींमध्ये बारीक बदल होतात आणि अधिक घट्ट जुळणाऱ्या पेशीच टिकतात. मध्ये आणखी एक पायरी असते. मदतनीस टी पेशीने होकार दिल्याशिवाय बी पेशीला ही वाढ सहसा करता येत नाही. भलत्यासलत्या गोष्टीवर शरीराने हल्ला करू नये म्हणून ही दुहेरी खातरजमा असते. जुळलेल्या पेशींपैकी काही प्रतिपिंडं बनवू लागतात. विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू न देणारी प्रथिनं म्हणजे ही प्रतिपिंडं.

हे दृश्य पाहिलेल्या पालकाला ‘लस शरीराला शिकवते’ या वाक्याचा खरा अर्थ कळतो. शिकणं म्हणजे इथे निवडणं आणि वाढवणं. त्यासाठी वेळ लागतो, आणि तिसरं दृश्य त्या वेळेचंच असायला हवं.

पडद्यावर सुई टोचल्याच्या दुसऱ्याच क्षणी बाळाभोवती चमकणारं कवच दाखवायचा मोह सोडलेला बरा. रक्तात मोजता येण्याइतकी प्रतिपिंडं यायला साधारण दोन आठवडे जातात. त्याआधी दुबळा विषाणू थोडाफार वाढतो आणि त्यामुळेच काही बाळांना सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास ताप येतो, कधी अंगावर पुरळ उठतं. शंभरातल्या पाच ते पंधरा बाळांना चांगलाच ताप भरतो, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. ट्रिपलच्या इंजेक्शनचा ताप त्याच रात्री येतो हे घरोघरी ठाऊक असतं, कारण त्या लसीत वाढणारं काही नसतं. एमआरचा ताप आठवड्याने येतो, तेव्हा घरच्यांच्या डोक्यात लस नसतेच. पटात कॅलेंडरची पानं उलटताना दाखवली, तर हा फरक एका नजरेत कळेल.

इथलं वाक्य फार जपून लिहावं लागतं. ‘ताप आला म्हणजे लस लागू पडली’ हे ऐकायला छान वाटतं. पण मग ज्यांच्या बाळाला ताप येत नाही ते पालक काय समजतील? ताप न येणाऱ्या बाळांमध्येही प्रतिपिंडं तयार होतात. ‘लसीचा काहीही त्रास होत नाही’ हेही खोटं. तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया साधारण दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्या बाळाला येते आणि बहुधा थोड्याच वेळात येते. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायला सांगतात ते एवढ्यासाठी. पटात हा अर्धा तास दाखवला आणि त्याचं कारणही सांगितलं, तर पालक तो टाळत नाहीत.

चौथं दृश्य आठवणीचं. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या स्मृतिपेशी मागे राहतात आणि काही पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात. खऱ्या गोवरात विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस लागतात. तयार प्रतिपिंडं आणि जाग्या झालेल्या स्मृतिपेशी त्याच्या कितीतरी आधी कामाला लागतात.

खऱ्या गोवराची आणखी एक खोड पटात यायला हवी. त्याचा विषाणू याच स्मृतिपेशींमध्ये शिरून त्यांना मारतो. लस न घेतलेल्या मुलांवरच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, गोवर होऊन गेल्यावर इतर रोगांविरुद्धची त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. म्हणजे ‘गोवर होऊन गेलेला बरा, आपोआप ताकद येते’ असं मानणाऱ्या घरात गोवराविरुद्धची एक आठवण जमा होते आणि इतर कितीतरी पुसल्या जातात. लस घेतलेल्या मुलांमध्ये असं पुसलं जाणं दिसलं नाही.

पाचव्या दृश्यात दुसरा डोस येतो आणि त्यासाठी ‘बूस्टर’ हा शब्द अगदी तयार असतो. इथे तो चुकीचा आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात काही महिने असतात. ती लसीतल्या दुबळ्या विषाणूलाही निकामी करतात आणि मग पुढचं काहीच घडत नाही. ती ओसरेपर्यंत थांबावं तर बाळ उघडं पडतं, म्हणून भारतात नऊ महिन्यांची वेळ धरली आहे. या वयात शंभरातल्या सुमारे ८५ बाळांमध्ये पहिला डोस लागू पडतो. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस मुख्यतः उरलेल्या पंधरांसाठी असतो. कोणतं बाळ त्या पंधरांतलं हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच देतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवराची साथ आली, तेव्हा नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडत होती. ज्या भागात अशी बाळं जास्त होती, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याचा सल्ला दिला गेला. तो जादाच होता, नेहमीचे दोन डोस त्यानंतरही घ्यायचेच होते.

शेवटचं दृश्य आकड्यांचं. दोन डोसांनंतर शंभरातल्या सुमारे ९७ मुलांना गोवरापासून संरक्षण मिळतं. आता एक हजार मुलांची शाळा कल्पून पाहू. ९५० मुलांनी दोन्ही डोस घेतले आहेत, ५० मुलांनी एकही नाही. शाळेत गोवर शिरला आणि संरक्षण नसलेल्या दहांतल्या नऊ मुलांना तो झाला. लस न घेतलेल्या पन्नासांपैकी ४५ आजारी पडतील. लस घेतलेल्यांपैकी साधारण २८ जणांना संरक्षण मिळालेलं नसेल, त्यांतले २५ आजारी पडतील. दुसऱ्या दिवशी बातमी येईल, ‘आजारी मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिक मुलांनी लस घेतली होती.’ बातमी खरी, पण निष्कर्ष उफराटा निघतो. लस न घेतलेल्या शंभरांमागे ९० आजारी पडले आणि घेतलेल्या शंभरांमागे तीनही नाहीत. पटात सत्तर आजारी मुलंच दाखवली तर प्रेक्षक फसतो. हजारही मुलं पडद्यावर उभी केली तर आपोआप कळतं. आणि ‘लस घेतली की गोवर होणारच नाही’ असं आधीच्या दृश्यात म्हणून बसलं, तर अशा बातमीच्या दिवशी अख्खा पट खोटा ठरतो. ‘होण्याची शक्यता खूप कमी होते’ हे वाक्य तेवढं जोरकस नाही, पण साथीतही ते टिकतं.

पट संपताना पडद्यावर घोषणेपेक्षा लसीकरण कार्डाचा एमआर-२ चा रकाना दाखवावा. घरातल्या मुलाच्या कार्डावर तो रिकामा असेल, तर दोन वर्षं उलटून गेली म्हणून डोस बुडाला असं समजू नये. पाच वर्षांचं होईपर्यंत सरकारी लसीकरणात तो देता येतो. कार्ड घेऊन आशाताईंकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावं.