झोपेची गोळी: गरज कधी संपते, सवय कधी लागते?

समजा, नवऱ्याच्या ऑपरेशनच्या धावपळीत ५२ वर्षांच्या एका बाईंची झोप उडाली. डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. पहिल्याच रात्री त्यांना गाढ झोप लागली. नवरा बरा होऊन घरी आला, तरी त्या जुन्या चिठ्ठीवर गोळी आणत राहिल्या. महिन्याभरात पुन्हा रात्री दोनला जाग येऊ लागली, म्हणून त्या एकाऐवजी दोन गोळ्या घेऊ लागल्या. एकदा गावी जाताना गोळ्या घरीच राहिल्या. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, छाती धडधडली आणि सकाळी हात थरथरू लागले. 'माझा आजार किती वाढलाय!' असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात आजार वाढला नव्हता. गोळीमुळे त्यांचा मेंदू बदलला होता.

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन पेशींची उत्तेजना कमी करतं. गाडीला ब्रेक असतो तसाच हा मेंदूचा ब्रेक. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली औषधं स्वतः ब्रेक दाबत नाहीत. गाबा ज्या ग्राहकांवर काम करतं त्यांच्यावरच ती दुसऱ्या जागी बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. म्हणून पहिली गोळी इतकी गुणकारी वाटते.

पण रोज रात्री ब्रेक असा जास्त दाबला गेला, तर मेंदू आपला समतोल परत मिळवू पाहतो. ग्राहकांवर औषधाचा परिणाम कमी होत जातो. दुसरीकडे पेशींना उत्तेजित करणारी यंत्रणा जोर धरते. गोळी तीच असते, पण तिच्या विरोधात आता मेंदू उभा असतो. झोप आणण्याच्या गुणाबाबत हे अवघ्या काही आठवड्यांत घडू शकतं. म्हणूनच ही औषधं साधारणपणे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत, असा सल्ला ब्रिटनमध्ये १९८८ सालीच डॉक्टरांना देण्यात आला होता.

यातली खरी मेख अशी, की गोळीचे सगळे परिणाम सारखे ओसरत नाहीत. झोपेचा फायदा लवकर कमी होतो. विसरभोळेपणा आणि तोल जाण्याचा धोका मात्र बराचसा तसाच राहतो. रात्री बाथरूमला उठलेल्या आजी पडून खुब्याचं हाड मोडतं, त्यामागे कधी कधी हीच गोळी असते.

आता गोळी चुकली की काय होतं? औषधाचा आधार जातो, पण मेंदूने वाढवलेली उत्तेजना तशीच राहते. मग निद्रानाश, घाबरेपणा, घाम, थरथर असा त्रास सुरू होतो. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण ११ तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे हा त्रास लवकर जाणवतो. तो मूळ तक्रारीसारखाच दिसतो आणि गोळी घेतली की थांबतो. माणसाला वाटतं, गोळीशिवाय आपलं चालणारच नाही. अधूनमधून घेतलेली गोळी रोजची होते ती या गैरसमजामुळे. डोस न वाढवता वर्षानुवर्षं एकच गोळी घेणारेही असे अडकतात.

दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की त्रास वाढत असेल, किंवा पूर्वी कधीच नसलेल्या तक्रारी सुरू झाल्या असतील, जसं हातापायांत मुंग्या, आवाज वा उजेड सहन न होणं, तर तो गोळी सुटण्याचा त्रास असण्याची शक्यता मोठी.

यावर गोळ्या एकदम फेकून देणं हा उपाय नव्हे. अचानक बंद केल्यास आकडी येऊ शकते, क्वचित जिवावरही बेतू शकतं. न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांसाठी खास दवाखाना चालवला. डोस हळूहळू उतरवण्याची त्यांची पद्धत आजही वापरली जाते. डोस साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्क्यांनी कमी करतात, म्हणजे मेंदूला पूर्वपदावर यायला वेळ मिळतो. काही वेळा डॉक्टर आधी शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणतात. वर्षानुवर्षं गोळी घेतलेल्यांना यासाठी कित्येक महिने लागू शकतात.

घरात कोणी महिन्याहून अधिक काळ रोज अशी गोळी घेत असेल, तर स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि 'ही कधी व कशी बंद करायची?' असं स्पष्ट विचारा. दारूबरोबर ही गोळी कधीही घेऊ नका, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात. आणि नवी चिठ्ठी हातात पडेल तेव्हा गोळी सुरू करण्याआधीच ती थांबवण्याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.