बरं वाटलं म्हणून टीबीच्या गोळ्या सोडल्या. मग जंतू औषधाला का जुमानत नाही?

जिवती : "आता खोकला नाही, भूकही लागते. मंग गोळ्या कायले खायच्या?" टीबीच्या औषधाचे दोन महिने झाले की पहाडावरच्या कुठल्याही गुड्यावर, तांड्यावर हा प्रश्न ऐकू येऊ शकतो. प्रश्न चुकीचा नाही. ताप उतरल्यावर तापाची गोळी बंद करतोच आपण. पण टीबीचं गणित वेगळं आहे. ते एकदा समजलं की सहा महिने हा आकडा कुठून आला आणि चार-चार औषधं एकत्र का देतात, दोन्हींचा उलगडा होतो.

समजा, एका गुड्यावरचा ३५ वर्षांचा माणूस आहे. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरलेलं. बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला. त्याच्या फुप्फुसात जंतूंनी पोखरून एक पोकळी केली आहे. अशा एका पोकळीत १० कोटी जंतू सहज असतात.

हे सगळे जंतू एकसारखे नसतात. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार होत वाढतो आणि प्रत्येक वेळी स्वतःची नक्कल काढतो. नक्कल काढताना कधीमधी चूक होते. अशाच एखाद्या चुकीमुळे तो जंतू नेमका एका औषधाला दाद देत नाही. आयसोनायझिड नावाच्या गोळीला न जुमानणारा जंतू साधारण १० लाखांत एक असतो. रिफाम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक. म्हणजे आपल्या माणसाने अजून एकही गोळी खाल्लेली नाही, तरी त्याच्या छातीत आयसोनायझिडला दाद न देणारे शंभरेक जंतू आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा एखादा जंतू आधीच बसलेला आहे. "औषध खाऊन खाऊन जंतूला सवय झाली" असं लोक म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. एकेका जंतूला सवय होत नाही. औषध बाकीच्यांना मारतं आणि न मरणाऱ्याला रान मोकळं करून देतं. कपाशीत एकच फवारा वर्षानुवर्षे मारला की शेवटी अळीला तो लागेनासा होतो, ते याच कारणाने.

आता त्याला एकटं आयसोनायझिड दिलं तर काय होईल? पहिले काही आठवडे तो झपाट्याने सुधारेल, कारण जवळपास सगळे जंतू मरतील. पण ते शंभर उरतील आणि वाढतील, आणि दोन-तीन महिन्यांनी पोकळीत पुन्हा कोट्यवधी जंतू होतील. या वेळी सगळेच्या सगळे आयसोनायझिडला न जुमानणारे. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. इंग्लंडमध्ये १९४७ साली टीबीच्या रुग्णांना एकटं स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत ते घेणारे स्पष्टपणे जास्त जगले. पण बहुतेकांचे जंतू काही महिन्यांतच औषधाला दाद देईनासे झाले. पाच वर्षांनी पाहिलं तर औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता.

त्यातून डॉक्टर शिकले ते एकत्र औषधं द्यायला. आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा जंतू किती दुर्मिळ? दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. एक कोटी गुणिले एक कोटी, इतक्यांत एक. एवढे जंतू कोणाच्याही छातीत मावत नाहीत. म्हणजे एका औषधातून सुटलेला दुसऱ्यात सापडतोच. म्हणून सरकारी औषधात पहिले दोन महिने आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं एकाच गोळीत असतात. पुढचे चार महिने त्यातली पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन. किती गोळ्या रोज घ्यायच्या, ते वजनावर ठरतं.

मग दोन महिन्यांनी बरं वाटतं ते खोटं असतं का? नाही, खरंच असतं. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, त्यामुळे खोकला आणि ताप जातो. पण काही जंतू जवळजवळ झोपेत असतात. ते वाढत नाहीत, म्हणून औषधाच्या तावडीत सापडत नाहीत. अधूनमधून जागे होतात, तेव्हाच मरतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी आहेत. त्या काळात माणसाला कुठलाच त्रास नसतो, आणि नेमका तेव्हाच कापसाचा हंगाम येतो किंवा मिरची तोडायला तेलंगणात जायची वेळ येते.

सोडणं वाईट, सोड-धर त्याहून वाईट

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. चारही औषधं एकदम बंद केली तर आजार उलटू शकतो, पण उलटलेले जंतू बहुतेक वेळा साधेच असतात आणि त्याच औषधाला पुन्हा दाद देतात. जंतू खरा बिघडतो तो सोड-धर करण्यात. आठ दिवस खाल्लं, पंधरा दिवस बंद, परत खोकला आला की परत सुरू. प्रत्येक फेरीत साधे जंतू जास्त मरतात, मधल्या खंडात उरलेले वाढतात आणि दर फेरीत न जुमानणाऱ्यांचा वाटा थोडा थोडा वाढत जातो. किंवा औषधं सुटी मिळाली, त्यातली लघवी लाल करणारी गोळी बाजूला ठेवली आणि बाकीची घेतली. तसं केलं की एकट्या औषधाचाच खेळ झाला. (लघवी, घाम, अश्रू नारिंगी-लाल होणं हा रिफाम्पिसिनचा रंग आहे, रक्त नाही. ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली तर कित्येक गोळ्या वाया जाणार नाहीत.)

यात नेहमी रुग्णाचाच दोष असतो असं मात्र नाही. मुंबईच्या धारावी भागात १९९१ मध्ये छापलेल्या एका पाहणीत १०० खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या प्रकारचे औषधोपचार लिहून दिले होते. वीसेक वर्षांनी, २०१० मध्ये, तिथेच पुन्हा पाहिलं तर १०६ डॉक्टरांचे ६३ प्रकार, आणि बरोबर उपचार लिहिणारे फक्त सहा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती छापली. त्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध लागू पडत नव्हतं. 'पूर्ण प्रतिरोधी टीबी' या नावावर सरकारने हरकत घेतली, वाद झाला. पण आजार कसा बिघडला ते त्या पत्रात स्पष्ट होतं. चारपैकी तीन रुग्ण दीड वर्षात सरासरी चार खासगी डॉक्टरांकडे फिरले होते. औषध लागू पडत नाही असं दिसलं की दर वेळी एखादं नवं औषध एकेकटं वाढवलं गेलं, तेही अनेकदा चुकीच्या मात्रेत. हरत चाललेल्या उपचारात एकच नवं औषध घालणं म्हणजे जंतूला तेही औषध शिकवणं. सरकारी पुरवठ्याचीही एक बाजू आहे. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या अनेक राज्यांत टीबीच्या औषधांचा तुटवडा पडला होता. तेव्हा खंड पडला तो रुग्णाने पाडलेला नव्हता.

दोन मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला एमडीआर म्हणतात. आधी त्याचा उपचार दीड ते दोन वर्षं चालायचा. त्यात कित्येक महिने रोजचं इंजेक्शन असायचं, आणि त्या इंजेक्शनने अनेकांची ऐकण्याची शक्ती गेली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने चार औषधांचा साधारण सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा नवा उपचार मंजूर केला. पण तोही सगळ्यांना चालत नाही, आणि त्यावर देखरेख जास्त लागते. शिवाय बिघडलेला जंतू खोकल्यातून जसाच्या तसा दुसऱ्याला जातो. घरातल्या ज्या पोरीने आयुष्यात टीबीची एक गोळी चुकवलेली नाही, तिला पहिल्याच दिवशी एमडीआर टीबी होऊ शकतो.

खोकल्यावर दुकानातली गोळी

दुसरा रस्ता टीबी कळायच्या आधीच सुरू होतो. खोकला झाला की मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्याच जातीची गोळी पाच दिवस घेतली जाते. ती टीबीच्या जंतूंवरही चालते, म्हणून खोकला थोडा दबतो आणि तपासणी महिनाभर मागे पडते. त्या महिनाभरात जंतूंनी एकट्या औषधाचा सामना केलेला असतो. आणि हेच औषध पुढे एमडीआर टीबीसाठी राखून ठेवलेलं आहे. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम आहे. त्यातल्या अनेक औषधांची दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते.

मग साध्या आजारांतही "कोर्स पूर्ण करा" हाच नियम का? इथे टीबीचं गणित जसंच्या तसं लावता येत नाही. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक एक दिवसही नको. साध्या जंतुसंसर्गात आता डॉक्टर पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स देतात, कारण औषध जितके दिवस पोटात जातं तितके दिवस आतड्यातले निरुपद्रवी जंतूही त्यात भाजतात आणि न जुमानणारे मागे उरतात. म्हणून डॉक्टरने पाच दिवस सांगितले तर पाचच, मनाने सात नाहीत आणि तीनही नाहीत. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवायच्या नाहीत, शेजारच्या पोरालाही द्यायच्या नाहीत.

आपला तो ३५ वर्षांचा माणूस आता मिरचीला निघाला आहे. त्याने काय करायचं? निघायच्या आठ दिवस आधी आशाताईला किंवा उपकेंद्रावर सांगायचं. त्याचं नाव निक्षय या सरकारी नोंदणीत असतं, तो नंबर आणि औषधाचं कार्ड सोबत ठेवायचं. त्या नंबरवर दुसऱ्या राज्यातल्या सरकारी दवाखान्यातही त्याची नोंद सापडते आणि गोळ्या मिळू शकतात. जायची घाई असेल तर महिन्याभराच्या गोळ्या सोबत देता येतील का, तेही विचारायचं. पोषणासाठी महिन्याला मिळणारे १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५०० होते) याच नोंदणीवरून खात्यात येतात.

एखादा दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट खायची नाही, नेहमीचाच डोस घ्यायचा आणि आशाताईला कळवायचं. उलट्या, गुडघेदुखी, डोळ्यांनी कमी दिसणं असं काही झालं तर मनाने एखादी गोळी काढून टाकायची नाही, आधी दवाखाना गाठायचा. डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी जायचं. तिथे डॉक्टर सगळ्याच गोळ्या थांबवतात आणि काविळीची तपासणी झाल्यावर एकेक करून परत सुरू करतात. आणि दोन महिन्यांनी बेडका तपासायला बोलावलं की बरं वाटत असलं तरी जायचं. तेव्हाही जंतू दिसले तर ते कोणत्या औषधाला दाद देतात ते यंत्रावर पुन्हा तपासतात. रिफाम्पिसिनबद्दलचं उत्तर यंत्र काही तासांत देतं.