जोडाखालची फूट

कलमी झाडाची मुळे एका झाडाची असतात आणि फांद्या दुसऱ्याच्या. खालचा भाग म्हणजे खुंट. आंब्यात तो बहुधा रायवळ कोयीपासून वाढवतात, गुलाबात रानगुलाबाच्या काडीपासून. त्यावर हापूसची काडी बांधतात किंवा हव्या त्या गुलाबाचा डोळा भरतात. दोन्ही जिथे एकजीव होतात तो जोड. जोडाच्या वर फुटेल ते आपले, खाली फुटेल ते खुंटाचे.

म्हणून रोपवाटिकेत फुलांआधी जोड पाहावा. पिशवीतल्या मातीखाली तो गाडलेला असेल तर माती सारून बघावी. जोड भरलेला हवा, त्यात फट किंवा काळपट डाग नको. प्लास्टिकची पट्टी सालीत रुतू लागली असेल तर ब्लेडने उभा छेद देऊन काढावी. मुख्य म्हणजे हिरवी पाने जोडाच्या वरूनच आलेली हवीत. काडी वाळून खालचा खुंटच फोफावला, तरी रोप टवटवीत दिसते. असे कलम हापूस म्हणून लावले, तर काही वर्षांनी त्याला रायवळ आंबे लागतात. लावताना जोड मातीच्या वर ठेवावा, म्हणजे पुढेही तो नजरेसमोर राहतो.

खुंटाच्या फुटीला जोड ओलांडावा लागत नाही. मुळांनी ओढलेले पाणी आणि अन्न तिला आधी मिळते, म्हणून ती झपाट्याने वाढते आणि वरची फांदी खुरटते. पावसाळ्यात गुलाबाच्या बुंध्यातून फिकट हिरवी, सरळसोट काडी निघते आणि कळी मात्र धरत नाही. तिच्या पानात बहुधा सात-नऊ पर्णिका दिसतात, पण नुसत्या मोजणीवर कात्री चालवू नये, कारण काही चांगल्या गुलाबांनाही सात पर्णिका येतात. खात्री उगमावरूनच करावी. जोडाच्या वरून निघालेली जोमदार नवी काडी पुढे भरपूर फुले देते, ती चुकून कापली तर मोठे नुकसान.

फूट जोडाखालची ठरली, की माती हलक्या हाताने उकरून ती खुंटाला जिथे चिकटली आहे तिथवर जावे आणि खाली दाबत ओढून मुळासकट उपटावी. जमिनीलगत कापल्यास बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून एकीच्या जागी दोन-तीन फुटी येतात. काडी जून झाली असेल, तर धारदार चाकूने खुंटालगत सपाट कापावी. आंब्याची कोवळी फूट अंगठ्याने सहज खुडता येते. लावणीनंतर पहिली दोन-तीन वर्षे दर नव्या पालवीच्या वेळी बुंधा पाहावा.

जोडावरचा भाग पूर्ण वाळला असेल, तर आंब्याचा खुंट फेकू नये. त्याची एक जोमदार फूट राखून पावसाळ्यात तिच्यावर जाणकाराकडून पुन्हा कलम बांधून घेता येते.